टार्गेटचा स्ट्राइक विकत घ्यायचा नसतो

प्रश्न: नमस्कार. मी घणसोलीला राहतो, ऐरोलीला आयटी कंपनीत कामाला आहे. गुरुवारी दुपारी दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत निफ्टी २४,९०० वर होता. एका तासाच्या चार्टवर २४,८०० चा सपोर्ट टिकला होता आणि वरचा रेझिस्टन्स २५,२०० ला होता. माझा स्टॉपलॉस २४,७८० होता. टार्गेट २५,२०० म्हणून मी येत्या मंगळवारच्या एक्स्पायरीचे २५,२०० चे कॉल ३९ रुपयांना दोन लॉट घेतले. सोमवारी निफ्टी १८० अंक वर, २५,०८० ला बंद झाला आणि माझा कॉल मात्र २० वर आला होता. दिशा बरोबर होती, तरी निम्मे पैसे गेले. चार्टवरच्या लेव्हलवरून स्ट्राइक आणि एक्स्पायरी नेमकी कशी ठरवायची?

उत्तर:

चार्ट तुम्ही नीट वाचला होता. चूक झाली ती चार्टवरचा आकडा जसाच्या तसा ऑप्शन चेनमध्ये नेण्यात. चार्टवर २५,२०० म्हणजे तुम्हाला जिथे पोचायचं ते ठिकाण. चेनमध्ये २५,२०० चा कॉल म्हणजे त्या ठिकाणाच्या पुढे निफ्टी जितका जाईल तितकेच पैसे देणारा करार. समजा तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला असता आणि मंगळवारी साडेतीनला निफ्टी बरोबर २५,२०० वर थांबला असता, तर त्या कॉलची किंमत शून्य झाली असती. ३९ रुपये भरून निघायला निफ्टी २५,२३९ ला जायला हवा होता. म्हणजे जो रेझिस्टन्स तुम्ही स्वतःच काढलात, तो तुटला तरच एक्स्पायरीला तुमचे पैसे सुटणार होते. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

त्याआधी आकड्यांबद्दल एक खुलासा. तुमच्या ३९ च्या भावातून साधारण १२ टक्के आयव्ही, म्हणजे भावात धरलेली वर्षभराची अपेक्षित चढउतार, निघते. पुढचे सगळे भाव तीच आयव्ही कायम धरून आणि व्याजाचा परिणाम बाजूला ठेवून काढले आहेत. प्रत्यक्ष स्क्रीनवर दहा-पंधरा अंकांचा फरक दिसेल, पण एका स्ट्राइकची दुसऱ्याशी तुलना त्याने बदलत नाही.

तुमचा कॉल खरेदीच्या दिवशीच, तीन-साडेतीनपर्यंत निफ्टी २५,०८० ला गेल्यावर किती झाला असता? जवळपास ८९. तीच १८० अंकांची चाल सोमवारी संध्याकाळपर्यंत लांबली, तर २०. लेव्हल तीच, स्ट्राइक तोच, फक्त वेळ वेगळी. लोकांना लांबचे कॉल आवडतात ते पहिल्या आकड्यामुळे, आणि त्यांचे पैसे जातात ते दुसऱ्यामुळे. म्हणून चार्टवरून एंट्री, स्टॉपलॉस आणि टार्गेट असे तीन आकडे काढून भागत नाही. चौथा आकडाही तिथूनच काढावा लागतो: टार्गेटला पोचायला लागणारा वेळ.

तो वेळ मनाने ठरवू नका, मोजा. ज्या चार्टवर लेव्हल काढली त्याच चार्टवर मागे जा आणि तुमच्या चालीएवढ्या, म्हणजे सुमारे ३०० अंकांच्या, अलीकडच्या तीन-चार चाली शोधा. प्रत्येकीला किती कँडल लागल्या ते लिहून काढा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, त्यामुळे एका तासाच्या चार्टवर दिवसाला सात कँडल पडतात, त्यातली शेवटची पंधराच मिनिटांची. समजा मोजणीत १२, १६ आणि २१ अशा कँडल निघाल्या. यातली सरासरी घ्यायची नाही, सर्वांत संथ चाल धरायची. २१ कँडल म्हणजे तीन पूर्ण सत्रं. गुरुवारी दुपारी दीडपासून शुक्रवार, सोमवार असं मोजत गेलं की तिसरं सत्र मंगळवारी दुपारी दीडला पुरं होतं. तुमच्या एक्स्पायरीला तेव्हा फक्त दोन तास उरलेले असतात. ठाण्याला जायचं आणि तिकीट मात्र ऐरोलीपर्यंतचं काढायचं, तसा हा सौदा होता.

एक्स्पायरी निवडताना एवढंच पाहायचं: संथ चालीला लागणारी सत्रं मोजून झाल्यावरही एक्स्पायरीला तितकीच सत्रं उरली पाहिजेत. तीन सत्रांची चाल असेल तर निदान सहा सत्रं हातात हवीत. गुरुवारी दुपारी घेताना येता मंगळवार यात बसत नाही, त्याच्या पुढचा मंगळवार बसतो. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवारी आली, तेव्हापासून शनिवार-रविवार एक्स्पायरीच्या अगदी तोंडाशी येतात. गुरुवारी घेतलेल्या कॉलचे पाच दिवस उरलेले दिसतात, पण त्यातले दोन दिवस बाजारच बंद असतो. मध्ये सुट्टी आली तर आणखी एक दिवस जातो, म्हणून एनएसईची सुट्ट्यांची यादी पाहूनच सत्रं मोजा.

आता टाइम डिके. तो रोज सारखा नसतो हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण प्रत्येक स्ट्राइकचा डिके वेगळ्या चालीने होतो हे फारसं कुणी सांगत नाही. निफ्टी २४,९०० वरच थांबून राहिला असं धरा. २४,९०० चा कॉल, म्हणजे अॅट द मनी, पाच दिवस उरले असताना साधारण १४० चा असतो. चार दिवस उरले की १२५, तीनला १०८, दोनला ८८, एक दिवस उरला की ६२, आणि त्या शेवटच्या दिवशी ते सगळे ६२ जातात. घसरण आधी हळू, मग एकदम जोरात. आता तुमचा २५,२०० चा कॉल पाहा: ३९, २८, १८, ९, २. इथे शेवटच्या दिवशी जायला काही शिल्लकच राहत नाही. रोज दहाएक रुपये जातात. दहा हा आकडा लहान वाटतो, पण ३९ मधले दहा म्हणजे पहिल्याच दिवशी पाव भांडवल. ‘डिके शेवटच्या दोन दिवसांत होतो, तोवर थांबायला हरकत नाही’ हा समज अॅट द मनीसाठी काही प्रमाणात चालून जातो. लांबच्या स्ट्राइकला तो अजिबात लागू नाही.

स्ट्राइकांची आपापसात तुलना करायची एक सोपी रीत आहे. बऱ्याच ब्रोकरांच्या अॅपमध्ये चेनमध्ये डेल्टा आणि थीटा दाखवायची सोय असते. डेल्टा म्हणजे निफ्टी एक अंक हलला की कॉल किती हलतो ते, आणि थीटा म्हणजे एका दिवसात कॉल किती झिजतो ते. थीटाला डेल्टाने भागा. जे उत्तर येतं तितके अंक निफ्टीने रोज तुमच्या बाजूने चालायला हवेत, तेव्हा तुम्ही जिथल्या तिथे राहता. त्याहून जास्त चालला तरच कमाई. तुमच्या कॉलचा थीटा १० आणि डेल्टा ०.२० होता, म्हणजे रोज ५० अंक. येत्या मंगळवारच्या २४,९०० च्या कॉलला थीटा १४, डेल्टा ०.५०, म्हणजे २८ अंक. त्याच एक्स्पायरीचा २४,७०० चा, दोनशे अंक इन द मनी असलेला कॉल: थीटा १२, डेल्टा ०.७१, म्हणजे १७. आणि पुढच्या मंगळवारचा २४,९०० चा: थीटा ९, डेल्टा ०.५०, म्हणजे १८.

हे दिवस कॅलेंडरचे आहेत, बाजाराचे नाहीत. म्हणजे शुक्रवार ते सोमवार या तीन दिवसांचं तुमच्या कॉलचं भाडं सुमारे दीडशे अंक झालं, आणि ते चुकवायला निफ्टीला एकच सत्र मिळालं. प्रत्यक्षात बाजार शनिवार-रविवारचा काही भाग शुक्रवारी दुपारीच भावातून काढून घेतो, त्यामुळे सोमवारी सकाळी एकदम मोठा खड्डा दिसतोच असं नाही. पैसे मात्र जायचे तेवढे जातात.

मग स्ट्राइक कुठला? चार्टच्या भाषेत सांगायचं तर एंट्री आणि स्टॉपलॉस यांच्या मधला. तुमच्या चार्टवर २४,९०० ते २४,७८०, म्हणजे २४,९००, २४,८५० किंवा २४,८००. यामागे साधा विचार आहे. तुमचा अंदाज चुकीचा ठरण्याची जागा २४,७८० आहे. ती लेव्हल टिकून आहे तोवर या पट्ट्यातला कॉल इन द मनी किंवा त्याच्या अगदी जवळ राहतो, त्याचा डेल्टा टिकतो, आणि निफ्टी वर सरकेल तसा तो वाढत जातो. टार्गेटवरच्या स्ट्राइकचं उलट असतं. निफ्टी तुमच्या बाजूने चालत असतानाही तो शेवटपर्यंत आउट ऑफ द मनीच राहतो. स्ट्राइक ५० अंकांच्या अंतराने असतात, पण १०० च्या पटीतल्यांत उलाढाल सहसा जास्त असते. म्हणून २४,८५० चा मोह सोडून २४,८०० किंवा २४,९०० घ्या.

आता तुमचाच सौदा पुढच्या मंगळवारच्या २४,९०० च्या कॉलने मांडून पाहू. गुरुवारी दीडला त्याचा भाव सुमारे २१७. निफ्टीचा लॉट सध्या ६५ चा आहे, म्हणजे एका लॉटला १४,१०५ रुपये. तुमच्या दोन लॉटचे ५,०७० होते. इथेच माणूस अडखळतो आणि स्वस्त स्ट्राइककडे वळतो, म्हणून इथे घाई करू नका. सौद्याला किती पैसे लागतात हा एक आकडा, चूक ठरली तर किती जातात हा दुसरा. शुक्रवारी दुपारी निफ्टी २४,७८० ला आला आणि तुम्ही बाहेर पडलात, तर हा कॉल साधारण १५२ ला विकला जातो. तोटा ६५ अंकांचा, म्हणजे सुमारे ४,२२५ रुपये. सोमवारी निफ्टी २५,०८० ला बंद झाला तेव्हा हाच कॉल २८२ च्या आसपास असता, म्हणजे ६५ अंकांचा फायदा. आणि चाल संथ निघून निफ्टी चार सत्रांनी, बुधवारी संध्याकाळी २५,२०० ला पोचला असता, तर भाव सुमारे ३४९ आणि फायदा १३२ अंकांचा. बुधवारपर्यंत तुमचा मूळ कॉल अस्तित्वातच नसता.

येत्या मंगळवारचा २४,७०० चा कॉल भागाकारात याच्या बरोबरीने उतरला होता, मग तो का नको? चाल जलद असेल तर तो उत्तमच. २६३ ला घेतलेला कॉल सोमवारी संध्याकाळी ३८० ला असता. पण त्यात स्टॉपलॉस महाग पडतो. शुक्रवारी २४,७८० ला तो १७० च्या आसपास येतो, म्हणजे ९३ अंकांचा तोटा. आणि २१ कँडलची संथ चाल निघाली तर एक्स्पायरीच्या दिवशीचे धक्के सोसत बसावं लागतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी संपणाऱ्या चालीसाठी चालू आठवड्याचा इन द मनी कॉल, दोन-चार सत्रांच्या चालीसाठी पुढच्या आठवड्याचा अॅट द मनी, असा आमचा कल आहे.

सौदा घेण्याआधी ‘टार्गेटला पोचल्यावर माझ्या कॉलची किंमत किती असेल’ हे काढायला सूत्र लागत नाही. समोरच्या चेनमध्येच उत्तर असतं. तुम्हाला हवं आहे ते असं: निफ्टी २५,२०० वर आणि आठ दिवस उरलेले असताना २४,९०० चा कॉल. तेव्हा तो ३०० अंक इन द मनी असेल. आज निफ्टी २४,९०० वर आहे, तर ३०० अंक इन द मनी कॉल म्हणजे २४,६०० चा. त्याचे आजचे भाव पाहा. पाच दिवस उरलेल्या एक्स्पायरीत तो ३३९ च्या जवळ दिसेल, बारा दिवस उरलेल्यात ३९९ च्या. तुमचे आठ दिवस या दोन्हींच्या मध्ये येतात, म्हणून अंदाज ३६५ ते ३७०. गणिताने काढलं तर ३६७ येतं, म्हणजे ही रीत पुरेशी नेमकी आहे. स्टॉपलॉससाठीही हेच: १२० अंक आउट ऑफ द मनी कॉल तितके दिवस उरलेले असताना कितीला मिळतो ते पाहायचं. हे दोन भाव कागदावर उतरले की संभाव्य तोटा आणि फायदा रुपयांत समोर येतो, आणि मगच ऑर्डर टाकायची. तुम्ही गुरुवारी २५,२०० च्या कॉलसाठी हा हिशेब केला असतात, तर मंगळवारच्या रकान्यात शून्य लिहावं लागलं असतं.

स्टॉपलॉस निफ्टीच्या लेव्हलवर ठेवा, प्रीमियमवर नाही. ‘३९ चे २५ झाले की बाहेर’ असं ठरवलं, तर निफ्टी जागचा न हलतादेखील शनिवार-रविवार तुम्हाला बाहेर काढतो. चार्ट स्पॉटचा पाहायचा, निर्णय स्पॉटच्या लेव्हलवर घ्यायचा, आणि त्या लेव्हलला प्रीमियम किती असेल ते वरच्या रीतीने आधीच माहीत असायला हवं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणं तुम्हाला शक्य नाही, म्हणून निफ्टीच्या स्पॉटवर २४,७८० चा अलर्ट लावून ठेवा.

या स्टॉपलॉसला वेळेच्या स्टॉपलॉसची जोड हवी, आणि बहुतेक सौद्यांत नेमका तोच नसतो. संथ चाल २१ कँडलची, तर निम्म्या, म्हणजे दहा-अकरा कँडलनंतर तपासणी. गुरुवारी दीडपासून मोजलं तर हा क्षण बरोबर शुक्रवारी बाजार बंद होताना येतो. तोवर निफ्टीने निदान २५,००० ओलांडायला हवेत. नसतील ओलांडले आणि निफ्टी २४,९०० च्याच आसपास घुटमळत असेल, तर सपोर्ट टिकलेला असला तरी शनिवार-रविवारच्या आधी बाहेर पडा. पुढच्या आठवड्याचा कॉल तेव्हा २०७ च्या आसपास असेल. म्हणजे १० अंक, साडेसहाशे रुपये गेले. सोमवार संध्याकाळपर्यंत तसाच थांबलात तर हा तोटा ४१ अंकांवर जातो. चालू आठवड्याच्या २४,९०० च्या कॉलमध्ये तो ७९ असता, आणि तुमच्या कॉलमध्ये जवळजवळ सगळेच पैसे.

टार्गेटवरचा स्ट्राइक अगदीच निरुपयोगी असतो असं नाही. तो विकण्यासाठी असतो. २५,२०० च्या वर निफ्टी जाणार नाही असं तुमचाच चार्ट सांगतो, तर त्या वरच्या चालीचे पैसे दुसऱ्याकडून आत्ताच घ्या. पुढच्या मंगळवारचा २४,९०० चा कॉल २१७ ला विकत आणि त्याच एक्स्पायरीचा २५,२०० चा कॉल ९९ ला विक्री. हा बुल कॉल स्प्रेड. खर्च ११८ अंक, म्हणजे लॉटला ७,६७० रुपये, आणि काहीही झालं तरी याहून जास्त तोटा नाही. डिकेच्या दृष्टीने यात काय होतं ते पाहा. सोमवार संध्याकाळपर्यंत निफ्टी २४,९०० वरच अडकून पडला, तर विकत घेतलेला कॉल ४१ अंक गमावतो, पण विकलेला ३३-३४ अंकांनी स्वस्त होतो. निव्वळ तोटा सातएक अंकांचा. शुक्रवारी स्टॉपलॉस लागला तर तोटा २७. बुधवारी २५,२०० ला पोचला तर फायदा ७६. नुसत्या कॉलमध्ये तोटा ६५ आणि फायदा १३२ होता. फायदा निम्म्याच्या थोडा वर राहतो, तोटा निम्म्याहूनही खाली येतो, आणि वाट पाहणं जवळपास फुकट होतं. तुमच्यासारख्या नोकरी सांभाळून ट्रेड करणाऱ्याला आम्ही हाच सौदा सुचवू.

त्यात दोन गोष्टी सांभाळा. आधी विकत घ्यायचा, मग विकायचा. उलट केलंत तर मधल्या वेळात नुसत्या विकलेल्या कॉलचं पूर्ण मार्जिन मागितलं जातं आणि ऑर्डर नाकारली जाऊ शकते. बाहेर पडताना आधी विकलेला परत घ्यायचा, मग स्वतःचा विकायचा. आणि हेज असला तरी विक्रीच्या बाजूला काही मार्जिन लागतंच. ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही बाजू एकत्र टाकून आकडा पाहून घ्या. तेवढे पैसे खात्यात नसतील तर तो सौदा सोडून द्या. योग्य स्ट्राइक परवडत नाही म्हणून ३९ रुपयांचा घेणं ही काटकसर नव्हे, तो वेगळाच सौदा होतो. ‘निफ्टी वर जाईल’ याऐवजी ‘निफ्टी आजच झपाट्याने वर जाईल’ यावर तुम्ही पैसे लावलेले असता.

या सगळ्या हिशेबाला एक मर्यादा आहे, ती म्हणजे आयव्ही. आपण ती १२ वर गोठवली. प्रत्यक्षात निफ्टी शांतपणे वर चढू लागला की आयव्ही सहसा उतरते, आणि कॉल घेणाऱ्याला ते बाधतं. पुढच्या आठवड्याच्या २४,९०० च्या कॉलला आयव्हीच्या एका टक्क्यामागे सुमारे १८ अंकांचा फरक पडतो, चालू आठवड्याच्या कॉलला १२ चा. म्हणजे लांबची एक्स्पायरी घेतल्याने डिकेचा त्रास कमी होतो, पण आयव्हीचा वाढतो. रोजच्या बाजारात हा व्यवहार फायद्याचाच राहतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प, निवडणुकीचा निकाल यांच्या तोंडावर मात्र नाही. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनमधली आयव्ही दाखवणारा निर्देशांक, चढलेला होता आणि दुसऱ्याच दिवशी तो जोरात खाली आला. अशा वेळी लेव्हल गाठूनही कॉल वाढत नाही. सौदा घेण्याआधी इंडिया व्हिक्सचा गेल्या दोन-तीन महिन्यांचा चार्ट उघडा. तो त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असेल तर नुसता कॉल टाळा आणि स्प्रेडच घ्या, कारण विकलेल्या बाजूचीही आयव्ही उतरते आणि बराचसा फटका तिथे भरून निघतो.

पुढच्या आठवड्याच्या स्ट्राइकांत चालू आठवड्यापेक्षा उलाढाल कमी असते, आणि खोल इन द मनी स्ट्राइकांत तर आणखी कमी. घेण्याचा आणि विकण्याचा भाव यांत तीन-चार अंकांचं अंतर दिसलं तर मार्केट ऑर्डर टाकू नका. मधल्या भावाला लिमिट ऑर्डर लावा आणि थोडं थांबा. दोन्ही वेळी तीन अंक सुटले तर ते सहा अंक झाले, म्हणजे शांत दिवसाच्या डिकेच्या दोन तृतीयांश.

हीच रीत शेअरच्या ऑप्शनला लावणार असाल तर दोन फरक ध्यानात ठेवा. तिथे साप्ताहिक एक्स्पायरी नाही, फक्त मासिक. आणि शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीला इन द मनी राहिले तर शेअरची प्रत्यक्ष देवाणघेवाण होते, निफ्टीसारखा रोखीने निकाल लागत नाही. कॉल शेवटच्या दिवसापर्यंत धरला तर पूर्ण लॉटच्या शेअरचे पैसे मागितले जातात. एक्स्पायरीच्या काही दिवस आधीपासून ब्रोकर त्यासाठी मार्जिन वाढवत नेतात. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेअरवर चार-पाच सत्रांची चाल दिसली, तर सरळ पुढच्या महिन्याचा कॉल पाहा.

पुढच्या वेळी जेवणाच्या सुट्टीत चेन उघडण्याआधी कागदावर पाच आकडे मांडा: एंट्री, स्टॉपलॉस, टार्गेट, संथ चालीच्या कँडल आणि त्यांची सत्रं. त्यांच्या शेजारी स्टॉपलॉसला आणि टार्गेटला प्रीमियम किती असेल ते दोन भाव चेनमधून काढून लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. टार्गेटचा भाव वजा खरेदीचा भाव हा फरक स्टॉपलॉसच्या तोट्याच्या निदान दीडपट येत नसेल, तर एक स्ट्राइक खाली किंवा एक एक्स्पायरी पुढे जाऊन पुन्हा मांडा. तरीही बसत नसेल, तर त्या लेव्हलवर त्या दिवशी ऑप्शनचा सौदा नाही.